‘फक्त एवढं जरा बघा’: मेलमधून वाढत जाणारं काम

“नमस्कार. डिझाइन छान झालं आहे, घरात सगळ्यांना आवडलं. फक्त एक-दोन बारीक गोष्टी आहेत. संपर्काच्या पानावर फोन नंबरातला एक आकडा चुकलाय. पहिल्या पानावरचा लाल रंग जरा गडद करा. आणि सोबतच, यावरून ऑनलाइन ऑर्डर घेता येईल ना? माझ्या मुलालाही मेलमध्ये घेतलं आहे, त्याच्या सूचना येतील. दसऱ्याला सुरू करायचं ठरलंच आहे. धन्यवाद.”

वेबसाइट बनवून देणाऱ्या कुणालाही असा मेल ओळखीचा वाटेल. इंटिरिअरचं, अनुवादाचं, छायाचित्रणाचं किंवा हिशेबाचं काम करणाऱ्यांनाही वाटेल; फक्त लाल रंगाच्या जागी स्वयंपाकघराचा ओटा किंवा पुस्तकाची प्रस्तावना असेल. लिहिणारा माणूस सज्जन आहे, खूश आहे, मोबदला बुडवण्याचा विचारही त्याच्या मनात नाही. तरीही या सहा-सात ओळींत सुमारे अडतीस तासांचं नवं काम आहे, आणि ते आलंय एका प्रश्नाच्या रूपात.

कामाची ठरलेली हद्द अशी हळूहळू सरकत जाते, तेव्हा व्यवसायात तिला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात. हद्द राखायची म्हणजे मागणी नाकारायची, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नकार द्यावा लागतच नाही. मागणी काय आहे हे वेळेवर ओळखायचं आणि तिची किंमत लिहून कळवायची, मग ती किंमत शून्य का असेना. माझ्या पाहण्यात नाती बिघडतात ती किंमत कळवल्यामुळे कमी, उशिरा कळवल्यामुळे जास्त.

हे नीट कळावं म्हणून एक उदाहरण घेऊ. ते अनेक कामांवरून जुळवलेलं आहे, पण आकडे या धंद्यात रोज दिसणारेच आहेत. पुण्यातल्या दोघांच्या एका छोट्या स्टुडिओने नाशिकच्या एका मसाला-लोणच्यांच्या घरगुती उद्योगाला कोटेशन दिलं आहे. आठ पानांची वेबसाइट, मुदत सहा आठवडे, डिझाइनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या, रक्कम 96,000 रुपये, जीएसटी वेगळा. 40 टक्के आधी, 40 टक्के डिझाइन पसंत पडल्यावर, उरलेले साइट सुरू होण्यापूर्वी. रक्कम काढताना स्टुडिओने 80 तासांचं काम धरलं होतं, म्हणजे तासाला 1,200 रुपये. वरचा मेल येतो तेव्हा चौथा आठवडा संपत आलेला आहे.

आता तो मेल सावकाश वाचू. त्यात तीन मागण्या आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे. फोन नंबरातला चुकलेला आकडा ही त्रुटी आहे. ठरलेलं काम ठरल्यासारखं झालेलं नाही, तर ते विनामूल्य आणि तातडीने दुरुस्त करणं आपलं कर्तव्य आहे. रंग गडद करणं हा फेरबदल आहे. काम बरोबर झालंय, पण ग्राहकाला ते थोडं वेगळं हवंय. यासाठीच कोटेशनमध्ये फेऱ्या मोजून दिलेल्या असतात. ऑनलाइन ऑर्डर हे नवीन काम आहे. अशा वेळी मेलची प्रिंट काढून किंवा पडद्यावरच प्रत्येक वाक्यापुढे ‘त्रुटी’, ‘फेरबदल’ किंवा ‘नवीन’ असं लिहावं. पाच मिनिटं लागतात, आणि उत्तर देण्याआधीच अर्धं उत्तर तयार होतं.

नवीन काम ओळखणं ऐकायला सोपं आहे, पण मेलमध्ये ते सहसा लपलेलं असतं, कारण आपल्याकडे मागणी उघड करणं थोडं उद्धट मानतात. म्हणून ती प्रश्न होऊन येते: ‘घेता येईल ना?’ इथे ग्राहक तांत्रिक शक्यता विचारत नाही, तो होकार गृहीत धरतो आहे. उत्तरात नुसतं ‘हो, येईल’ लिहिलं तर त्याच्या लेखी काम ठरलं. दुसरी जागा म्हणजे ‘सोबतच’, ‘लगेहात’, ‘ओघात’ अशा शब्दांनी आधीच्या लहान गोष्टीला जोडून आलेली मोठी गोष्ट. तिसरी म्हणजे ‘ठरलंच आहे’, ‘बोललो होतो त्याप्रमाणे’. कधीतरी फोनवर नुसता उल्लेख झालेला असतो, आणि चार आठवड्यांनी तो उल्लेख ठराव होऊन मेलमध्ये येतो. या मेलमध्ये दसऱ्याची तारीख खरोखर ठरलेली आहे, पण ती आठ पानांसाठी ठरली होती. मागणी वाढली तरी तारीख जागची हललेली नाही, हे चटकन लक्षात येत नाही.

चौथी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: मेलमध्ये नवा माणूस येतो. कोटेशन वडिलांनी मान्य केलं, डिझाइन त्यांनी पसंत केलं, आणि आता सूचना मुलाच्या येणार आहेत. मुलगा हुशार असेल, त्याच्या कल्पना चांगल्याही असतील, पण पसंत झालेलं डिझाइन त्याने पाहिलेलं नाही आणि कोटेशनही त्याच्या हातातून गेलेलं नाही. तो अगदी प्रामाणिकपणे पहिल्यापासून सुरुवात करेल. कामं दुपटीने वाढतात ती बहुधा इथूनच, म्हणून नवं नाव दिसताच त्याच दिवशी एक गोष्ट विचारून घ्यावी: अंतिम शब्द कुणाचा?

मागणीचं वजन कळायचं असेल तर ती पूर्ण करताना काय काय करावं लागेल ते क्रमाने लिहून पाहावं. ऑनलाइन ऑर्डर हे ग्राहकाला एक बटण वाटतं, आणि त्याचा तो दोष नाही. त्याने आयुष्यभर ग्राहकाच्या बाजूनेच ते बटण दाबलेलं असतं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवायला वेळ लागत नाही. वेळ जातो पुढे. प्रत्येक मसाल्याची 100, 200 आणि 500 ग्रॅमची वेगळी किंमत भरायची. पिनकोडप्रमाणे पाठवणीचा खर्च लावायचा. पेमेंट गेटवेकडे उद्योगाची केवायसी द्यायची. गेटवेवाले साइटवर अटी, गोपनीयता, पाठवणी आणि परताव्याची पानं आहेत का हे तपासतात, म्हणजे ती पानंही आली. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता असे तपशील पडद्यावर दिसायला हवेत. मग चाचणीच्या ऑर्डर, पैसे परत करण्याची चाचणी, आणि शेवटी नाशिकमध्ये ऑर्डर बांधणाऱ्या माणसाला सगळं शिकवणं. याची बेरीज 38 तास होते. 1,200 च्या दराने 45,600 रुपये, म्हणजे मूळ कामाच्या जवळजवळ निम्मी रक्कम, एका ‘ना?’मध्ये.

पण एवढी मोठी मागणी निदान नजरेत तरी भरते. छोट्या मागण्या तशा भरत नाहीत, आणि या कामात त्या आधीच येऊन गेल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात ग्राहकाने उत्पादनांचे 40 फोटो पाठवले आणि त्यांच्या मागचा पसारा काढून पांढरी पार्श्वभूमी द्यायला सांगितली. एका फोटोला दहा मिनिटं, म्हणजे 400 मिनिटं, पावणेसात तासांना पाच मिनिटं कमी. तिसऱ्या आठवड्यात ‘याच मजकुराचं एक पीडीएफ पत्रक’ झालं, 4 तास 20 मिनिटं. मग डिझाइनमधली तिसरी फेरी, सात तास. बरोबर अठरा तास. स्टुडिओने प्रत्येक वेळी ‘हो साहेब, करतो’ लिहिलं, रक्कम लिहिली नाही. 80 तासांची कमाई आता 98 तासांत वाटली गेली आहे. तासाचा दर 1,200 वरून 980 वर आला आहे. ग्राहकाला हे माहीत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. उलट त्याने तीन वेळा अनुभवलं आहे की मेल टाकला की काम होतं आणि बिल वाढत नाही. चौथ्या वेळी त्याने वेगळं काय समजावं?

म्हणून पहिल्याच छोट्या मागणीचं उत्तर सगळ्यांत जपून लिहावं. फोटोंचं काम भेट म्हणून करायचं असेल तर आनंदाने करावं, पण उत्तरात दोन वाक्यं असावीत: “फोटो स्वच्छ करून गुरुवारी देतो. हे काम कोटेशनमध्ये धरलेलं नाही, साधारण 8,000 रुपयांचं आहे. आपल्या पहिल्याच कामात त्याचा आकार लावत नाही.” ग्राहकाला सवलत मिळाली, ती सवलत आहे हे कळलं, आणि कोटेशन नावाची गोष्ट अजून जिवंत आहे हेही कळलं. शेवटच्या बिलातही हे 8,000 लिहून त्यापुढे पूर्ण सूट दाखवावी. बिलातच नोंदलेली अशी सूट जीएसटीच्या मूल्यातून वगळली जाते, त्यामुळे तिच्यावर कर भरावा लागत नाही.

आता चौथ्या आठवड्यातल्या त्या मेलचं उत्तर. मी ते असं लिहीन:

“नमस्कार साहेब,

डिझाइन घरी सगळ्यांना आवडलं हे वाचून आनंद झाला. तिन्ही मुद्दे पाहिले.

फोन नंबर आजच दुरुस्त केला आहे. लाल रंग गडद करून उद्या दाखवतो. बदलांच्या फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत, पण हा छोटा बदल आहे, त्याचा वेगळा आकार नाही.

ऑनलाइन ऑर्डर घेता येईल. सध्याच्या कोटेशनमध्ये उत्पादनांची माहिती देणारी पानं धरली आहेत. विक्री, पैसे स्वीकारणं आणि पाठवणी धरलेली नाही. ती करायची तर तीन प्रकारे करता येईल:

पहिला, संपूर्ण ऑनलाइन विक्री. 45,600 रुपये अधिक जीएसटी, आणखी चार आठवडे. यात साइट दसऱ्यानंतर सुरू होईल.

दुसरा, प्रत्येक उत्पादनाखाली व्हॉट्सॲपवर ऑर्डर देण्याचं बटण. 3,600 रुपये अधिक जीएसटी, एक दिवस. दसऱ्याची तारीख कायम.

तिसरा, साइट ठरल्याप्रमाणे दसऱ्याला सुरू, आणि ऑनलाइन विक्रीचं काम दिवाळीनंतर वेगळं हाती घेऊ.

यंदाच्या सणासाठी मला दुसरा प्रकार योग्य वाटतो. किती ऑर्डर येतात ते पाहून पुढचा खर्च ठरवता येईल. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. तोवर आठ पानांचं काम चालूच आहे.

चिरंजीवांच्या सूचना जरूर पाठवा. तुमच्या आणि त्यांच्या मिळून एकाच मेलमध्ये आल्या आणि त्या तुम्ही अंतिम केलेल्या असल्या, तर काम पटकन होईल.”

या उत्तरात ‘नाही’ हा शब्द ग्राहकाच्या इच्छेला उद्देशून कुठेच आलेला नाही. ऑर्डर घेता येईल, हे पहिल्यांदा येतं. त्याच्या मूळ प्रश्नाचं ते खरं उत्तर आहे. हद्द त्यानंतर येते, आणि वाक्याचा कर्ता कोटेशन आहे. ‘तुम्ही हे आधी सांगितलं नव्हतं’ या वाक्यात कर्ता समोरचा माणूस होतो आणि वाक्य आरोप होऊन बसतं. ‘आम्ही हे करत नाही’ यात कर्ता आपण होतो आणि वाक्य अडवणूक वाटू लागतं. ‘कोटेशनमध्ये धरलेलं नाही’ म्हटलं की दोघं एकाच बाजूला उभे राहून एका कागदाकडे पाहतात. मराठीत अंदाजपत्रकासाठी ‘धरणं’ हे क्रियापद सुतारापासून सीएपर्यंत सगळे वापरतात, त्यामुळे ते कानाला टोचत नाही.

रक्कम आणि मुदत एकाच वाक्यात दिली आहे, तीही मुद्दाम. नुसती रक्कम कळवली तर ग्राहक रकमेवर घासाघीस करतो आणि तारीख तशीच राहते. खरं तर बऱ्याच ग्राहकांना पैशांपेक्षा तारीख जवळची असते. दसरा हुकणार हे कळल्यावर मोठं काम पुढे ढकलण्याचा निर्णय ते स्वतःच घेतात. म्हणूनच पर्याय द्यायचे. एकच पर्याय दिला तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं आणि ‘नाही’ म्हणायला लागलेल्या माणसाला आपण काहीतरी गमावलं असं वाटतं. तिसरा पर्याय प्रत्येक वेळी ‘मूळ ठरल्याप्रमाणे’ असावा. तो लिहिला नाही तर ग्राहकाला वाटतं की आता काहीतरी जास्त घ्यावंच लागणार.

‘चालूच आहे’ हे वाक्यही मला फार गरजेचं वाटतं. वाढीव कामाचं बोलणं सुरू झालं की ग्राहकाच्या मनात एक भीती येते: पैसे मिळेपर्यंत हे माझं काम अडवून ठेवतील का? ती त्याने बोलून दाखवायच्या आधीच दूर करावी. आणि ती खोटी ठरावी. मान्य झालेलं काम वाढीव कामाच्या बोलणीत कधीही तारण ठेवू नये.

काय लिहू नये, हेही सांगायला हवं, कारण घाईत हात तिकडेच जातो. लांबलचक दिलगिरी नको. फोन नंबर चुकला त्याबद्दल ‘क्षमस्व’ ठीक आहे, पण किंमत सांगण्याआधी माफी मागितली की किंमत ही चूक वाटू लागते. आपल्याकडे कामाचा किती ताण आहे हे नको. ते ग्राहकाचं प्रकरण नाही. ‘याला बराच वेळ लागेल’ असं मोघम लिहू नये. ग्राहकाच्या डोक्यात ‘बराच’ म्हणजे दोन तास असू शकतात. आणि ‘बघतो’, ‘करू या’, ‘होऊन जाईल’ हे शब्द बोलताना कितीही निरुपद्रवी असले, तरी लिहिल्यावर होकार ठरतात.

ते होकार ठरतात हे केवळ शिष्टाचाराचं नाही, कायद्याचंही म्हणणं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ तेवढ्या कारणाने अवैध ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सहीचा औपचारिक करार झालेला नसतानाही ई-मेलवर ठरलेल्या अटींवरून करार झाल्याचं मान्य केलं. तो व्यवहार बॉक्साइटच्या जहाजांचा होता, पण तत्त्व आठ पानांच्या वेबसाइटलाही लागू होतं. उलट बाजूने, करार कायद्याचं कलम 70 म्हणतं की कुणी विनामूल्य करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. यातली खोच हेतूमध्ये आहे. तीन वेळा काही न बोलता फुकट काम केल्यावर चौथ्या वेळी ‘माझा हेतू फुकट करण्याचा नव्हता’ हे सिद्ध करणं अवघड जातं. कोर्टात जाण्याची वेळ एवढ्याशा कामात कुणावर येऊ नये, पण लेखी होकाराचं वजन माहीत असलं की माणूस मेल पाठवण्याआधी एकदा वाचतो.

फोनवर झालेल्या बोलण्याला हेच लागू आहे. मेलवर सगळं जपून लिहिणारे लोक फोनवर उदार होतात. समोर आवाज असतो, आग्रह असतो. फोन ठेवल्यावर त्याच दिवशी चार ओळी पाठवाव्या: “आज फोनवर बोलल्याप्रमाणे, मराठी मजकुरासोबत इंग्रजी मजकूरही हवा आहे. हे वाढीव काम आहे. त्याचा वेळ आणि खर्च उद्या कळवतो आणि तुमचा होकार आल्यावर सुरू करतो. माझ्या ऐकण्यात काही राहिलं असेल तर सांगा.” शेवटचं वाक्य सौम्य आहे आणि खरंही आहे, ऐकण्यात राहू शकतं. ग्राहकाने उत्तर दिलं नाही तर काम सुरू करू नये, एवढी एकच शिस्त यात पाळावी लागते.

आणि हद्द आधीच सरकून गेली असेल तर? आपल्या उदाहरणात अठरा तास गेलेच आहेत. इथे मोह होतो तो मागचं सगळं मोजून एकदम बिल लावण्याचा. माझं ठाम मत आहे की ते करू नये. मागचं काम ग्राहकाने सांगितल्यावर आपण किंमत न कळवता केलं. ती किंमत आता मागणं ग्राहकाला फसवणुकीसारखं वाटेल, आणि त्याचं वाटणं बरोबर असेल. मागचं सोडावं, पण निनावी सोडू नये. रेषा आजच्या तारखेपासून आखावी:

“साइट सुरू व्हायला दोन आठवडे उरले आहेत, म्हणून आतापर्यंतच्या कामाची यादी सोबत देतो. कोटेशनमधल्या आठ पानांशिवाय 40 फोटोंची सफाई, पीडीएफ पत्रक आणि डिझाइनची तिसरी फेरी ही कामं झाली आहेत. मिळून 18 तास. ही कामं करताना मी खर्च कळवला नव्हता, त्यामुळे त्यांचा आकार नाही. यापुढे यादीबाहेरचं काही हवं असेल तर आधी वेळ आणि रक्कम कळवेन, तुमचा होकार आला की काम सुरू करेन. म्हणजे दसऱ्याची तारीख दोघांनाही पाळता येईल.”

या मेलची वेळ महत्त्वाची आहे. ग्राहकाने नुकतीच एखादी मागणी केली असताना तो पाठवला तर ते त्या मागणीचं उत्तर वाटेल. एखादं पान पूर्ण करून दाखवलं, हप्ता जमा झाला, अशा शांत दिवशी तो जावा. आणि यादीतली प्रत्येक नोंद ग्राहकाला आठवेल अशी हवी. ‘इतर किरकोळ कामे’ अशी एकही ओळ नको.

अशा मेलला बहुतेक ग्राहकांचं उत्तर साधं असतं: ठीक आहे. काही जण मात्र नात्याचा हात पुढे करतात. ‘आपलीच माणसं आहात, एवढं काय धरता’, किंवा ‘पुढची सगळी कामं तुम्हालाच द्यायची आहेत’. यातलं दुसरं वाक्य खरं असण्याची शक्यता असते, म्हणून त्याला तसंच खरं उत्तर द्यावं: “पुढच्या कामांचा विश्वास दाखवलात, त्याबद्दल आभारी आहे. त्या कामांचं कोटेशन देताना त्यात सूट नक्की धरेन. हे काम सध्याच्या दराने करू.” सूट पुढच्या कामात जाते, पुढचं काम येईल तेव्हाच ती द्यावी लागते. आणि रक्कम खरंच कमी करायची असेल तर कामही तेवढं कमी करावं. ‘रक्कम 30,000 मध्ये बसवायची असेल तर पिनकोडनुसार पाठवणीऐवजी सगळीकडे एकच दर ठेवू’. काम तेवढंच आणि रक्कम कमी, असं एकदा केलं की पहिली रक्कम फुगवलेली होती असा अर्थ निघतो.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: मूळ कोटेशन स्पष्ट असणं. कोटेशनवर ‘संपूर्ण वेबसाइट, सर्व सोयींसह’ एवढंच लिहिलं असेल आणि ग्राहक ऑनलाइन ऑर्डर मागत असेल, तर त्याला हद्द ओलांडणं म्हणता येत नाही. त्याने शब्दांचा सरळ अर्थ घेतला आहे. तिथे खर्च वाटून घेण्याचं बोलणं करावं आणि निम्मा भार स्वतः उचलण्याची तयारी ठेवावी. तासावर चालणाऱ्या कामांचीही गोष्ट वेगळी आहे. तिथे कामाचं स्वरूप रोज बदलू शकतं. जपायची असते ती एकूण तासांची मर्यादा, आणि ती संपायच्या आधी, एकूण तासांपैकी तीन चतुर्थांश वापरले गेल्यावर, ग्राहकाला कळवावं.

उदाहरणातल्या स्टुडिओने पुढच्या कोटेशनमध्ये काय बदलावं, तेही लिहून ठेवतो. आठ पानांची नावं एकेक करून द्यावी. फेरी म्हणजे काय ते सांगावं: एका माणसाने अंतिम केलेली, एका मेलमध्ये आलेली सूचनांची यादी म्हणजे एक फेरी. तीन तासांची किरकोळ कामं रकमेतच धरावी आणि तसं लिहावं, म्हणजे लाल रंगासारख्या गोष्टींवर मेल लिहीत बसायला नको. वाढीव कामाचा दर तासाला 1,200 रुपये, सुरुवात लेखी होकारानंतर. आणि शेवटी ‘यात धरलेलं नाही’ असा वेगळा परिच्छेद: फोटो काढणं व सुधारणं, मजकूर लिहिणं, भाषांतर, छापील पत्रकं, ऑनलाइन विक्री, साइट सुरू झाल्यावर 30 दिवसांनंतरची देखभाल. हा परिच्छेद वाचून ग्राहक बहुधा पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘अहो, ऑनलाइन विक्री तर मला हवी आहे.’ तेव्हा हातात सहा आठवडे असतात आणि रक्कम अजून ठरायची असते.